लांबून वाचता येईल असं

आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "लिहायचं काय?" आणि तिथेच माझा दिवस नासतो. माणूस आलेला असतो 'सेल आहे' एवढंच सांगायला, पण एवढंच सांगितलं तर लोक आपल्याला हलक्यात घेतील अशी त्याला धास्ती असते. मग तो सुरू होतो. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की. ग्राहकांच्या खास आग्रहास्तव. आग्रह कुणीही केलेला नसतो. त्याखाली सगळ्या मालाची नावं, त्याखाली दोन फोन नंबर, त्याखाली पत्ता, त्याखाली 'अटी लागू', आणि एवढं होऊनही कोपऱ्यात बोटभर जागा उरली तर म्हणतो, "मॅडम, इथे रिकामं रिकामं दिसतंय. एखादं फूल टाका ना."

रिकामं दिसतंय म्हणे! अहो, त्या रिकाम्या जागेमुळेच बाकीचं दिसतं. पण हे सांगून सांगून माझा घसा बसला. आता मी फूल टाकते.

डिझाइन मी करते, मशीन नवरा चालवतो. मशीन मागच्या खोलीत आहे, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दिवसभर तिचं डोकं इकडून तिकडे सरकत असतं आणि शाईचा वास आमच्या केसांपासून डब्यातल्या पोळीपर्यंत सगळीकडे शिरलेला असतो. नवरा फारसा बोलत नाही. मशीनच्या घरघरीत बोलून कुणाला ऐकू येतंय, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वाटचं मी बोलते, असं ताईचं म्हणणं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आमच्या दुकानामागची गल्ली ओलांडली की तिचं घर आणि घराच्या पुढच्या अंगाला रस्त्यावर भाऊजींचं दुकान. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, टॉवेल, पायपुसणी. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा ताई थर्मास घेऊन माझ्याकडे येते. आम्ही चहा पितो, सगळ्या नातेवाइकांची यथेच्छ निंदा करतो आणि ताज्यातवान्या होऊन कामाला लागतो. हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. त्यात गिऱ्हाईक आलं तर मी त्याला सरळ बाकावर बसवून ठेवते.

भाऊजींना बाजारात 'निबंध' म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण टॉवेलची किंमत विचारली तर कापसापासून सुरुवात करणार. त्यांना शब्दांचा मोह आहे. मला शब्दांची ॲलर्जी आहे. तरी आमचं बरं चालायचं, कारण आजवर त्यांनी कधी बॅनर केलाच नव्हता. गरज नव्हती. बसस्टॉप त्यांच्या दारासमोरच होता. बसची वाट बघून कंटाळलेली माणसं दुकानात डोकवायची, हात लावून बघायची आणि जाताना काहीतरी घेऊन जायची.

मग रस्ता रुंद झाला आणि स्टॉप चौकाच्या पलीकडे गेला. बस आता वळणावरून येते, भाऊजींच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून क्षणभर धावते आणि वळून निघून जाते. समोर थांबायला कुणाला कारणच उरलं नाही. दुकानात इतका शुकशुकाट की भाऊजींना निबंध ऐकवायलाही कुणी मिळेना.

एका दुपारी ताईने चहा ओतला आणि कुणाचीच निंदा केली नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"यांच्या चुलतभावाचा फोन होता," ती म्हणाली. "तिकडे त्यांच्या गोदामात माणूस हवाय. राहायला जागाही देतायत. हे म्हणाले, सणाचा सेल लावून बघतो. चालला तर ठीक, नाहीतर दुकान बंद करून जाऊ."

"तिकडे म्हणजे?"

"तिकडे म्हणजे तिकडे. रात्रभराचा प्रवास."

"आणि आपला चहा?" मी म्हणाले. बावळटच प्रश्न, पण तोंडातून तोच निघाला. ताई हसली आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले. तेवढ्यात कुणी वाढदिवसाच्या बॅनरला आलं, त्याला मी बाकावर बसवलं.

संध्याकाळी ताईला घेऊन भाऊजी मजकूर सांगायला आले. खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले आणि मला टाइप करायला सांगून बोलू लागले. "सस्नेह आमंत्रण. सणाच्या मंगल पर्वावर आपल्या घराला द्या नवे रूप, नवा साज. घे. नवा साज. पूर्णविराम. आमच्याकडे सर्व प्रकारच्या दर्जेदार चादरी, नाना रंगांचे पडदे..."

"भाऊजी, भिंतीवर लावायचाय. बसमधल्या माणसाला दिसायला हवा."

"म्हणून तर सगळं लिहायला हवं. त्याला कळायला नको?"

"त्याला क्षणभरच दिसणार आहे. तेवढ्यात त्याने तुमचं 'सस्नेह' वाचलं तरी पुष्कळ."

"पुढचं पुढच्या फेरीत वाचेल," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आणि खाली लिही, 'एकदा अवश्य भेट द्या. आमची कोठेही शाखा नाही.'"

"शाखा काढा म्हणून कुणी मागे लागलंय का?"

"विश्वास वाटतो लोकांना. आणि एक फोटो."

"चादरीचा?"

"माझा."

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, स्क्रीन बघितली, भाऊजींकडे बघितलं आणि मशीनमध्ये काहीतरी अडकल्यासारखं करून परत गेला. घरच्या भांडणात हा माणूस असाच पळतो.

भांडण चांगलं रंगलं. मी सांगितलं, दहा फुटांवरून नीट वाचायचं तर अक्षर निदान इंचभर तरी हवं, वळण तिथून किती लांब आहे ते बघा आणि तुमच्या मजकुराला भिंत पुरेल का तेही बघा. आपल्या लिपीला तर वर मात्रा, खाली उकार, वरखाली मोकळी जागा लागते, नाहीतर लांबून नुसता काळा पट्टा दिसतो. भाऊजी म्हणाले, तू माझ्या शब्दांना कात्री लावतेस. मी म्हटलं, कात्री नाही लावली तर दुकानाला कुलूप लागेल. हे जरा जास्तच झालं. मग ताईने मध्ये पडून तोडगा काढला. साज गेला, रूप गेलं, शाखा गेली. 'सणाचा महासेल', 'चादरी, पडदे, अभ्रे, टॉवेल', '५०% पर्यंत सूट', 'एकदा अवश्य भेट द्या' आणि दुकानाचं नाव एवढं राहिलं. फोटो राहिला. मागे भाऊजींच्या आवडीचा हिरवा रंग, वर गडद, खाली फिका.

मी अगदीच अडाणी नाही. छापण्याआधी मी परीक्षा घेते. लोक डिझाइन मोबाइलवर बघतात, दोन बोटांनी ताणून मोठं करतात, आपापली ओळ वाचतात आणि 'छान' म्हणून कळवतात. रस्त्यावर बॅनर ताणायला कुणाची बोटं पुरणार? म्हणून मी मोबाइल स्टुलावर उभा करते आणि सगळ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवते. तिथून वाचता आलं तर रस्त्यावर वाचता येतं. ताईने घडाघडा वाचला. भाऊजींनी तर भावपूर्ण वाचला. माझाही जीव भांड्यात पडला.

नवऱ्याने छापला, शाई वाळू दिली, कडा दुमडून चिकटवल्या, दोरी ओवायला रिंगा मारल्या आणि लोखंडी चौकटीवर असा ताणून बांधला की सुरकुती सापडायची नाही. भिंतीवर चढवल्यावर आम्ही चौघं वळणापर्यंत चालत गेलो आणि मागे वळून बघितलं. सगळ्यांना सगळं वाचता आलं. खालची 'एकदा अवश्य भेट द्या' ही ओळसुद्धा. ताईने टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी मला म्हटलं, "कात्री चांगली चालवलीस हो." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि दुकानात कुणीही आलं नाही.

म्हणजे अगदीच कुणी नाही असं नाही. शेजारचा स्टेशनरीवाला आला आणि भाऊजी कोणत्या पक्षाकडून उभे राहतायत ते विचारून गेला. एक बाई आल्या, त्यांना गटाराची तक्रार सांगायची होती. भाऊजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, उपाय सुचवले, आणि त्या "आमचं मत तुम्हालाच" म्हणून समाधानाने गेल्या. अभ्रा काही घेतला नाही.

ताई चहाला यायची ती घरातलं काय न्यायचं आणि काय देऊन टाकायचं यावर बोलायची. मोठं कपाट तुला ठेव म्हणाली. मी म्हटलं, मला तुझं कपाट नको. इतक्या चिडून म्हटलं की तिने कप खाली ठेवला. मला खरंच कळत नव्हतं. बॅनर वाचता येत होता. मी रोज वळणावर जाऊन वाचत होते!

मग बसचा एक ड्रायव्हर आमच्याकडे आला. मुलगी परीक्षेत पहिली आली होती, तिच्या कौतुकाचा बॅनर हवा होता. बोलता बोलता कळलं की तो आमच्याच चौकातून दिवसभर फेऱ्या मारतो.

"मग वळणावरच्या भिंतीवरचा बॅनर बघितला असेल तुम्ही," मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हिरवा ना? बघतो की रोज."

"काय लिहिलंय त्यावर?"

त्याने डोकं खाजवलं. "अभिनंदन असेल. एका साहेबांचा फोटो आहे. निवडून आले वाटतं."

मी त्याला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं, खरं तर पाणी मला हवं होतं. रोज समोरून जाणारा, नजर शाबूत असलेला, बस चालवणारा माणूस, आणि त्याला एकही शब्द वाचता आला नव्हता. आम्हाला मात्र तळाची ओळसुद्धा दिसत होती. का दिसत होती? कारण ती आम्हाला आधीच पाठ होती. ताईने, भाऊजींनी, नवऱ्याने, मी, कुणीही तो बॅनर वाचलाच नव्हता. आम्ही तो म्हणत होतो. इतकी वर्षं मी ज्याने मजकूर लिहून दिला त्यालाच खोलीच्या टोकाला उभं करून वाचायला लावत होते आणि परीक्षा घेतल्याच्या ऐटीत मिरवत होते.

मला हसू आलं आणि रागही आला. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. तुमच्या मुलीचा बॅनर मी असा करते की चौकात सगळ्यांना तिचं नाव दिसेल. फक्त 'हार्दिक हार्दिक' सोडा."

त्याच दुपारी मी नवऱ्याला कामाला लावलं. त्याने उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर तोच बॅनर लहान करून छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, मागे लाकडी दांडी लावली. मोठा बॅनर वळणावरून जेवढा दिसतो तेवढाच हा पुठ्ठा आमच्या आतल्या भिंतीपासून दारातल्या माणसाला दिसेल, असा आकार मी मोजून काढला होता. दारात अनोळखी माणूस आला की नवरा पुठ्ठा वर करणार, लगेच खाली करणार, आणि मी विचारणार, "काय वाचलंत?"

गंमत अशी की अनोळखी माणूस एकदाच कामाला येतो. एकदा वाचलं की तो आपल्यातला झाला. एक मजकूर बदलला की नवा माणूस हवा. आमची गिऱ्हाइकं लवकरच संपली, मग पोस्टमन संपला, गॅसवाला संपला, पाण्याचे जार देणारा संपला. तेव्हा मी पुठ्ठ्यावर मूळचा हिरवा बॅनर परत लावला आणि भाऊजींना बोलावून घेतलं.

आधी त्यांना पटेना. "लोकांचं लक्ष नसतं," ते म्हणाले.

"लक्ष नसतंच. तसाच तर माणूस हवाय. आणा एक."

ते रस्त्यावर गेले आणि गोड बोलून एका आजोबांना घेऊन आले. गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पुठ्ठा वर, पुठ्ठा खाली. आजोबा म्हणाले, "हिरवं होतं." मग कॉलेजच्या मुली आल्या, त्या म्हणाल्या, "काकांचा फोटो," आणि शेजारी खुद्द काका उभे बघून त्यांना हसू आवरेना. त्यांच्यानंतरच्या बाईंना 'चादरी' आठवलं. 'एकदा अवश्य भेट द्या' कुणालाही आठवलं नाही. दिसलंच नव्हतं. भाऊजी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारत होते, "खाली एक ओळ होती, बघा बरं आठवून," आणि माणसं ओशाळून नाही म्हणत होती.

भाऊजी बाकावर बसले. मला त्यांची दया आली. बॅनर हवाच कशाला होता त्यांना, समोर माणूस बसवून दिला असता तर त्यांनी दहा चादरी विकल्या असत्या. पण बसमधला माणूस समोर बसत नाही.

"फोटो काढ," ते म्हणाले.

मग मात्र त्यांच्या अंगात आलं. हिरवा रंग गेला, पिवळ्यावर काळं आलं. पडदे गेले, अभ्रे गेले, टॉवेल गेले. दर खेपेला बाहेर जायचे, नवा माणूस धरून आणायचे आणि त्याला जे दिसलं नाही ते स्वतःच्या तोंडाने "उडव" म्हणायचे. दुकानाचं नावही उडवलं, तेव्हा ताई दारातून ओरडली, "अहो, आता मला तरी ठेवा!"

चादरी राहिल्या. चादर प्रत्येक घरात लागते आणि शब्द कसा सुटसुटीत, दुरूनही कळतो. 'निम्म्या किमतीत' मी लावून बघितलं, पण जाड अक्षरात त्या म ला म आणि त्याला य असं चिकटून लांबून नुसता गोळा झाला. आकडा बरा. आकडा माणूस न वाचताच वाचतो. मी '५०% सूट' टाकलं आणि त्यापुढे सगळे टाकतात तसं बारीक 'पर्यंत'.

"हे दिसत नाही," भाऊजी म्हणाले.

"दिसू नये म्हणूनच बारीक असतं ते."

"मग ते खोटं झालं. माणूस चौकातून चालत येणार आणि इथे आल्यावर त्याला 'पर्यंत' दिसणार. मी तोंड कसं दाखवू?" निबंध लिहिणारा माणूस, पण खोटा निबंध त्यांनी कधी लिहिला नाही. "मोठं कर 'पर्यंत'."

मोठं केलं तर बाकीचं लहान होत होतं. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. ताई इतका वेळ थर्मासचं झाकण फिरवत होती. ती म्हणाली, "काढून टाका तो शब्द."

"अगं, पण मग सगळ्याच चादरी निम्म्या दराने द्याव्या लागतील," भाऊजी म्हणाले.

"द्या. बाकी माल नेहमीच्या दराने. चादरीसाठी आत आलेला माणूस अभ्रे बघितल्याशिवाय जात नाही, तुम्ही जाऊच देत नाही. आणि इथून जायचंच झालं तर तेवढ्या चादरी तिकडे नेऊन मी काय करू? माणसांच्या घरी तरी जातील."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. मी 'पर्यंत' खोडला.

"पत्ता?" भाऊजींनी शेवटचं विचारलं.

"भिंत कुणाची आहे?"

"आपलीच."

"मग 'इथे' लिहिलं की झालं."

चादरी. ५०% सूट. इथे. भाऊजी बाहेर गेले आणि एका घाईतल्या माणसाला घेऊन आले. पुठ्ठा वर, पुठ्ठा खाली. माणूस म्हणाला, "चादरी अर्ध्या किमतीत. कुठे, इथे? पण हे तर फ्लेक्सचं दुकान आहे." भाऊजींनी त्याला मिठी मारली आणि हाताला धरून आपल्या दुकानात नेलं. तो दोन चादरी आणि एक पायपुसणं घेऊन गेला.

नवा बॅनर लागला आणि दुसऱ्या दिवसापासून चौकापलीकडच्या स्टॉपवर उतरून माणसं मागे चालत येऊ लागली. आली आणि शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडे शिरली. तो वैतागून आमच्याकडे आला, "अहो, माझ्याकडे चादरी मागतायत!" जाऊन बघते तर दुकानावरची जुनी पाटी. वळणावळणाच्या अक्षरात भाऊजींच्या वडिलांच्या काळातलं लांबलचक नाव आणि खाली 'गृहवस्त्र दालन'. चादरी शोधत आलेला माणूस गृहवस्त्राच्या दालनात कशाला जाईल? पाटीला हात लावायचा नाही असं भाऊजी म्हणाले आणि ते मला पटलं. तिच्या खाली फक्त एक पट्टी लावली, बॅनरचाच पिवळा, बॅनरचंच अक्षर, एकच शब्द: चादरी. बघितलेलं आणि सापडलेलं एकसारखं दिसलं की पाय आपोआप वळतो. त्यानंतर स्टेशनरीवाला पेनं विकायला मोकळा झाला.

मग ताईला चहाला वेळ मिळेना. मीच थर्मास घेऊन तिकडे जायचे आणि गल्ल्यामागे उभ्याने प्यायचे. भाऊजी फॉर्मात होते. चादरीची घडी उलगडत कापसापासून सुरुवात करायचे आणि बायका ऐकत बसायच्या, अभ्रे बघायच्या. एकदा ड्रायव्हर आला, सोबत मुलगी होती. तिचा बॅनर चौकात लागला होता, फक्त नाव आणि 'पहिली'. तिने स्वतःच्या पसंतीची चादर घेतली. भाऊजींकडे बघून ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुम्ही निवडून आलात ना?" भाऊजी म्हणाले, "मतमोजणी चालू आहे."

हे हसण्यावारी गेलं, पण मला टोचलं. सेल संपत आला होता आणि जायचं की राहायचं यावर घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. चुलतभावाचे फोन येत होते. मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "यांनी अजून सांगितलं नाही. मी विचारत नाही." जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलणारा माणूस नेमका याच गोष्टीवर गप्प! मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. सेलमध्ये गर्दी होतेच, सेलनंतर काय, हेही मला कळत होतं.

सेल संपल्यावर नवऱ्याने बॅनर उतरवला. भिंत मोकळी झाली, नुसती चौकट राहिली. त्या दुपारी मी एकटीच बसले होते. ताई आली नव्हती. मी थर्मास भरला होता, पण प्यावंसं वाटेना.

दारात भाऊजी उभे राहिले. हातात आमचाच दांडीवाला पुठ्ठा होता, छातीशी उलटा धरलेला. त्यावर त्यांनी ब्रशने हाताने काहीतरी रंगवलं असावं, बोटांना काळा रंग लागला होता.

"तिथेच बस," ते म्हणाले. "तू आज अनोळखी."

"मी कशी अनोळखी?"

"हा मजकूर तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, तुझ्या ताईलाही नाही. पुढच्या बॅनरचा आहे. बघ."

पुठ्ठा वर झाला, पुठ्ठा खाली झाला. दोन शब्द होते.

"काय वाचलंस?"

मला भीती वाटत होती. माणूस जे आधीच मनात असतं तेच वाचतो, हे मीच शोधून काढलं होतं ना? माझ्या मनात तर कित्येक दिवस दुसरं काहीच नव्हतं.

"पुन्हा दाखवा," मी म्हटलं.

"बसमधल्या माणसाला पुन्हा मिळतं का?"

"भाऊजी, दाखवा म्हणते ना!"

त्यांनी पुठ्ठा वर केला आणि या वेळी खाली केलाच नाही. अक्षरं वाकडी होती, रंग ओघळला होता, पण जाड होती आणि आजूबाजूला भरपूर जागा सोडली होती. मला पाणावलेल्या डोळ्यांनीसुद्धा वाचता आलं.

आम्ही इथेच.

"चालेल?" भाऊजींनी विचारलं. "की एक शब्द कमी करायचा?"

मी मान हलवली, काही कमी नको म्हणून. मग थर्मास उचलला आणि ताईला सांगायला गल्लीतून पळत सुटले. मागून नवरा मशीन बंद करून भाऊजींना विचारत होता की एवढी जागा रिकामी सोडायचीय तर कोपऱ्यात एखादं फूल टाकायचं का.